लेकरू उचलताना अंगठ्याच्या बाजूचं मनगट दुखतंय, बेल्ट लावूनही फरक नाही

प्रश्न: मॅडम, माझं सिझर होऊन अडीच महिने झाले, सध्या माहेरी अंबाजोगाईला आहे. पंधरा-वीस दिवसांपासून उजव्या मनगटाला अंगठ्याच्या बाजूनं लई दुखायलंय, लेकरू उचललं की कळ एकदम कोपरापर्यंत जाती. एक्स-रे नॉर्मल आला. मेडिकलवरून मनगटाचा बेल्ट आणून लावला, काहीच फरक नाही. आई म्हणती बाळंतवात आहे, तेल लावून चोळून घे. अंगावर पाजते त्यामुळं गोळ्या घ्यायची भीती वाटती. काय करावं?

उत्तर:

ताई, बेल्टचा उपयोग का झाला नाही तिथूनच सुरू करते, कारण तुमच्या दुखण्याचं मर्म त्यातच आहे. तुम्ही आणला तो बहुतेक साधा मनगटाचा पट्टा असणार, ज्यात अंगठा मोकळा राहतो. आणि तुमचं जे दुखायलंय ते मनगटाचं हाड नाही, ते अंगठा मागं ओढणाऱ्या दोन नसांचं आहे. नसा म्हणजे रक्ताच्या नाहीत बरं का, आपण बोलताना सगळ्यालाच नस म्हणतो, ह्या स्नायूंच्या दोऱ्या, डॉक्टर टेंडन म्हणतात. ह्या दोन दोऱ्या हाताच्या मागच्या बाजूनं येतात आणि मनगटापाशी, अंगठ्याच्या बाजूला जे टोकदार हाड हाताला लागतं ना, त्याच्यावरून एका अरुंद बोगद्यातून अंगठ्यात जातात. पायजम्याच्या नेफ्यातून नाडी जाते तसं समजा. नेफा जाड झाला, आकसला, की नाडी अडकती, ओढावं तिथं कचकन थांबती. तुमच्या मनगटात नेमकं हेच झालेलं असणार. ह्याला डी क्वेरवेन म्हणतात, त्या नावाच्या एका स्विस सर्जननं 1895 मध्ये ह्याचं वर्णन केलं म्हणून. एक्स-रेमध्ये हाड दिसतं, दोरी दिसत नाही, म्हणून रिपोर्ट नॉर्मल. त्याचा अर्थ तुम्हाला काही झालं नाही असा होत नाही, हे घरच्यांनाही सांगा.

आता हे बाळंतिणीलाच का होतं. एक तर डिलिव्हरीनंतर आणि अंगावर पाजताना शरीरातले हार्मोन बदललेले असतात, अंगात थोडं पाणी धरतं, तो बोगदा थोडा सुजकट राहतो. पण नुसत्या त्यानं एवढं दुखत नाही, त्याच्यावर रोजचं उचलणं येतं. तुम्ही लेकराला कसं उचलता ते आठवा. दोन्ही हात त्याच्या काखेत, अंगठे पुढं छातीवर, चार बोटं पाठीवर, म्हणजे अंगठा आणि बोटं मिळून इंग्रजी एल झालेला, आणि मग सगळं वजन वर घेताना मनगट करंगळीच्या बाजूला झुकतं. ह्या एकाच हालचालीत त्या दोन्ही दोऱ्या पूर्ण ताणलेल्या असतात, त्यांच्यावर चार-पाच किलो वजन असतं आणि बोगद्याच्या कडेवर त्या घासत असतात. हे दिवसातून कितीदा होतं ते कोणी मोजत नाही. शिवाय लेकराचं वजन रोज वाढतच असतं, म्हणून पहिल्या महिन्यात काही वाटत नाही आणि पुढं एक दिवस अचानक दुखायला लागल्यासारखं वाटतं.

खात्री कशी करायची? दुसऱ्या हाताच्या एका बोटानं त्या टोकदार हाडावर हलकं दाबून बघा. नेमकं तिथंच दुखत असेल, थोडी गाठीसारखी सूज लागत असेल, तर निदान जवळपास झालंच. अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडं वाकवायची टेस्ट तुम्ही व्हिडिओत बघितली असेल, पण ती हळू आणि एकदाच करा, आणि दोन्ही हातांना करून बघा, कारण ती जोरात केली तर चांगल्या माणसालाही दुखतं. दुखतंय का दुखतंय का म्हणून दिवसभर तीच टेस्ट करत बसलेल्या बायका माझ्याकडं येतात, त्यानं उलट वाढतं.

चोळायचं म्हणाल तर आईचं मन मोडू नका, पण त्या हाडावर आणि गाठीवर अंगठ्यानं दाबून रगडायचं नाही. आधीच जाड झालेल्या जागेवर आणखी घासणं झालं ते. कोपरापासून खाली हाताच्या मांसल भागाला हलकं तेल लावलं तर चालतं, बरं वाटतं, तेवढंच. कोणी ओढून, कडकडून नस बसवून देतो म्हणालं तर अजिबात हात देऊ नका, नस कुठं सरकलेलीच नाही तर बसवणार काय. आणि बाम लावत असाल तर कापूर आणि पुदिन्याचे बाम सध्या घरात नकोच, त्या हातानं तुम्ही लेकराचं तोंड पुसता, त्याला ते चांगलं नाही.

आता स्प्लिंट, म्हणजे सांधा हलू न देणारा आधाराचा पट्टा. तुम्हाला पाहिजे तो थंब स्पायका, मेडिकलवर हेच नाव सांगा. त्यात अंगठा आणि मनगट दोन्ही धरले जातात. दोन्ही का, तर त्या दोऱ्यांचे स्नायू वर हातात, कोपर आणि मनगटाच्या मध्ये असतात आणि दोऱ्या मनगट ओलांडून अंगठ्यात जातात. नुसतं मनगट बांधलं तर अंगठा ओढत राहतो. नुसता अंगठा बांधला, छोटी अंगठ्याची टोपी मिळते तशी, तर मनगट वाकत राहतं. दोन्हीत दोरी चालूच राहती. म्हणून लांब स्प्लिंट पाहिजे, कोपराच्या खाली साधारण दोन तृतीयांश हात झाकेल एवढा.

घेताना दुकानातच घालून बघा. मनगट सरळ किंवा अगदी थोडं मागं झुकलेलं असावं, पुढं वाकलेलं नको. अंगठा तळहातापासून थोडा बाजूला आणि पुढं, पाण्याचा ग्लास धरतो तसा. अंगठ्याच्या वरच्या पेराचा सांधा मात्र मोकळा पाहिजे, म्हणजे अंगठ्याचं टोक आणि तर्जनीचं टोक एकमेकाला लागलं पाहिजे. हे जमत नसेल तर तुम्ही लेकराच्या झबल्याची नाडीसुद्धा बांधू शकणार नाही, आणि मग दोन दिवसात तो स्प्लिंट कपाटात जाणार. आत ॲल्युमिनियमची पट्टी असते ती वाकवून हाताला बसवता येते, दुकानदाराला येत नसेल तर जवळच्या फिजिओथेरपिस्टकडं घेऊन जा. हाताला नीट बसतच नसेल तर गरम पाण्यात मऊ करून हातावरच साच्यासारखा बसवतात तो प्लास्टिकचा स्प्लिंट करून मिळतो, तो थोडा महाग पडतो पण धुता येतो, आणि लेकराच्या कामात धुता येणं ही लई मोठी गोष्ट आहे.

घातल्यावर एक तपासायचं. अंगठ्याच्या मागच्या बाजूला मुंग्या, बधिरपणा किंवा चटका बसल्यासारखं झालं तर पट्टा लई घट्ट आहे. त्या हाडावरूनच एक संवेदनेची बारीक नस जाते, आणि ही खरी नस, नर्व्ह, ती दाबली तर दुखण्याला दुसरं दुखणं जोडलं जातं. पट्टा सैल करा, आणि पट्ट्याची कड किंवा शिवण नेमकी त्या हाडावर येणार नाही असं बघा. बांगड्यांचंही तेच. बाळंतपणात हात थोडा सुजलेला, त्यात काचेच्या बांगड्या नेमक्या त्याच जागी येऊन बसतात आणि दिवसभर ठोकत राहतात. हा विषय घरात नाजूक असतो हे मला माहीत आहे, म्हणून मी काढून टाका म्हणत नाही, डाव्या हातात राहू द्या, उजव्या हातात स्प्लिंटच्या वर एखादी सैल बांगडी सरकवून ठेवली तरी चालतं. हिरव्या चुड्याच्या नावानं दुखणं अंगावर काढू नका एवढंच.

आपल्याकडच्या उन्हात आणि घामात स्प्लिंट आतून चिकटतो आणि खाज सुटते, मग सगळ्याजणी तो काढून ठेवतात. जुन्या सुती मोज्याचा पुढचा भाग कापून अंगठ्याला एक भोक पाडून आत घाला, दोन-तीन करून ठेवा आणि रोज बदला. वेल्क्रोचं खरबरीत टोक बाहेर राहू देऊ नका, लेकराच्या गालाला ओरखडा पडतो. अंघोळीला आणि लेकराला धुताना काढायचाच, ओला स्प्लिंट अंगावर वाळवायचा नाही. लेकराला अंघोळ मात्र तुम्ही घालू नका सध्या, तेल लावलेलं निसरडं लेकरू सावरताना अंगठा जितका ताणला जातो तितका दुसऱ्या कशात जात नाही. माहेरी आहात तोवर ते काम आईला किंवा मालिशवालीला द्या.

किती दिवस? पहिले तीन आठवडे जवळपास दिवसरात्र. रात्री का, तर झोपेत मनगट वाकून पडतं आणि सकाळी पहिली कळ तीच असते. दिवसातून तीन-चार वेळा काढून, वजन हातात नसताना, अंगठा आणि मनगट न दुखता जेवढं हलतं तेवढं हळू हलवायचं, चार-पाच वेळा, नाहीतर सांधा आखडतो. कळ येईपर्यंत ताणायचं नाही. त्यानंतर दोन-तीन आठवडे फक्त कामाच्या वेळी आणि रात्री, मग हळूहळू कमी. दुखणं कमी झालं म्हणून आठव्या दिवशी काढून टाकला तर परत पहिल्यासारखं होतं, हे जवळपास ठरलेलं. आणि हो, हातात दाबायला मऊ बॉल देतात ना व्यायाम म्हणून, तो ह्या दुखण्यात नाही. मूठ जोरात दाबली की त्याच दोऱ्या ओढल्या जातात. ताकदीचा व्यायाम दुखणं बसल्यावरच.

पण स्प्लिंट घालून तुम्ही तसंच काखेत हात घालून उचलत राहिलात तर स्प्लिंट काय करणार, तो नुसता शोभेला हातावर राहणार. उचलण्याची पद्धत बदलावी लागते. अंगठा बोटांना चिकटवून ठेवा, एल करायचाच नाही. तळवे वरच्या दिशेला करून एक हात ढुंगणाखाली आणि मांड्यांखाली कोपरापर्यंत सरकवा, दुसरा हात पाठ आणि डोक्याखाली, आणि वजन बोटांवर न घेता कोपरापासून मनगटापर्यंतच्या हातावर घ्या. अडीच महिन्याला मान अजून पूर्ण धरत नाही म्हणून डोकं हातावरच टेकलेलं पाहिजे. आधी लेकरू छातीशी आणा, मग पायाच्या जोरावर उठा. सिझरच्या टाक्यांसाठीही हेच बरं पडतं.

गोधडीवर खाली झोपवत असाल तर उभ्यानं वाकून उचलू नका, शेजारी गुडघे टेकून बसा, लेकराला थोडं कुशीवर करा, मग हात खाली जातो. झोळीतून काढणं त्याहून अवघड, झोळी खोल असते आणि अंगठ्यानंच ओढून काढावं लागतं. महिनाभर झोळीतून लेकरू दुसऱ्या कोणी काढून तुमच्या मांडीवर द्यावं. पाजताना पण बघा, बऱ्याच जणी एका हातानं लेकराची मान अंगठा आणि बोटाच्या बेचक्यात धरून मनगट वाकवून बसतात, वीस-वीस मिनिटं. मांडीवर दोन उशा किंवा घडी केलेली गोधडी ठेवून लेकरू स्तनाच्या उंचीला आणा, डोकं कोपराच्या खोबणीत येऊ द्या, मनगट रिकामं राहू द्या. कुशीवर झोपून पाजलं तर आणखी चांगलं, पण पाजता पाजता डोळा लागणार असेल तर लेकराच्या तोंडावर पदर, उशी, गोधडी काही येणार नाही हे आधी बघून ठेवा. आणि त्या वेळेला दुसऱ्या हातातला मोबाईल अंगठ्यानं वर सरकवत बसणं, ते तर मला सांगायचीही गरज नसावी.

घरकामात सगळ्यात वाईट म्हणजे दुपटी आणि लंगोट पिळणं. पिळताना दोन्ही मनगटं उलट्या दिशेला फिरतात आणि अंगठा दाबलेला असतो. बादलीच्या कडेला तळहातानं दाबून पाणी काढा आणि निथळत टाका, आपल्या उन्हात वाळायला किती वेळ लागतो. भाकरी थापणं सध्या दुसऱ्याकडं द्या, कळशी उचलणं तर नाहीच.

गोळ्यांची भीती मी समजते. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन अंगावर पाजणाऱ्या आईला देतात, दुधात फार थोडं उतरतं. पण गरोदरपणात बीपी वाढलं होतं का, किडनीचा, दम्याचा किंवा ॲसिडिटीचा त्रास आहे का हे डॉक्टरांना सांगून मगच घ्या, स्वतःहून मेडिकलवरून नको. दुखण्याची जेल लावली तर पाजण्याआधी हात धुवा आणि ती जागा लेकराच्या तोंडाला लागू देऊ नका. कपड्यात गुंडाळून बर्फ दहा मिनिटं लावला तर सूज बसते, बाळंतिणीला गार लावायचं नाही असं घरात म्हणतीलच, त्यावरून भांडण करू नका, कोमट शेकानं बरं वाटत असेल तर तेही चालतं, बर्फानंच बरं होतं असं काही नाही.

एक केस सांगते म्हणजे पुढचा अंदाज येईल. औसा तालुक्यातली एक बाई, दुसरं बाळंतपण, तीन महिन्याचा मुलगा, तुमच्यासारखाच अंगठा मोकळा ठेवणारा बेल्ट लावून आलेली. गाठ हाताला लागत होती, चहाचा कप उचलताना कळ. आम्ही लांब स्प्लिंट करून दिला, पण खरा फरक सासूला सोबत बोलवल्यावर पडला, कारण उचलायची पद्धत मी सासूसमोर करून दाखवली आणि अंघोळ, झोळी, धुणं ही कामं त्यांनी स्वतःकडं घेतली. तीन आठवड्यात दुखणं अर्ध्यावर आलं. मध्येच डावं मनगट दुखायला लागलं, कारण उजवा हात बांधलेला म्हणून सगळं डाव्यावर. हे लई जणींचं होतं, म्हणून नवीन पद्धत दोन्ही हातांना पहिल्या दिवसापासून लावायची. डावं तेवढ्यावरच बसलं. उजवं मात्र अर्ध्यावर येऊन अडकलं, पाचव्या आठवड्यातही रात्रीची कळ जाईना, तेव्हा ऑर्थोच्या डॉक्टरांनी बोगद्यात एक स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं. पहिले दोन दिवस दुखणं वाढलं, ती घाबरली, मग आठवड्याभरात हात मोकळा झाला. पुढं मुलगा रांगायला लागल्यावर ती त्याला एका हातानं दंडाला धरून ओढून घ्यायची, तेव्हा थोडं परत आलं, पण तेवढ्यापुरता स्प्लिंट कामाच्या वेळी घातला आणि दंडाला धरणं सोडलं, मिटलं.

खरं सांगायचं तर पाजणाऱ्या आईला नुसत्या स्प्लिंटनं पूर्ण बरं वाटेलच असं नाही. बऱ्याच जणींना त्यानं निभावतं आणि लेकरू चालायला लागलं, पाजणं कमी झालं की दुखणं आपोआप जातं. पण तोवर थांबायचं नसेल, तर तीन-चार आठवडे नीट केल्यावरही फरक नसेल, किंवा आत्ताच लेकरू सुटून पडेल की काय इतकी कळ असेल, तर इंजेक्शन घ्यायला हरकत नाही. बहुतेकांना एका किंवा दोन इंजेक्शनात आराम पडतो, आणि पाजणं बंद करावं लागत नाही. क्वचित काही दिवस दूध थोडं कमी झाल्यासारखं वाटतं. आपल्या सावळ्या कातडीवर त्या जागी पांढरट डाग पडू शकतो, कातडी थोडी पातळ होऊ शकते, ते भरायला महिने लागतात, हे आधी माहीत असावं. गरोदरपणात शुगर निघाली असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, इंजेक्शननंतर काही दिवस शुगर वाढते. काही जणींच्या बोगद्यात मध्ये पडदा असतो, दोन दोऱ्यांना दोन वेगळे कप्पे, मग औषध एकाच कप्प्यात जातं आणि फरक पडत नाही, तिथं सोनोग्राफीत बघून इंजेक्शन दिलं तर उपयोग होतो. त्यानंही नाही झालं तर जागा बधिर करून छोटा छेद घेऊन बोगद्याचं छप्पर मोकळं करतात, भरती राहायची सहसा गरज पडत नाही. पण बाळंतिणीत तिथपर्यंत कमीच जणी जातात.

हे सगळं मी डी क्वेरवेन धरून सांगितलं. रात्री अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होऊन जाग येत असेल तर ती मनगटाच्या पुढच्या बाजूची दुसरी नस दबलेली असते, तीही बाळंतपणात होते आणि तिचा स्प्लिंट वेगळा. सकाळी दोन्ही हातांची बोटं तासभर आखडत असतील, बाकीचे सांधेही सुजत असतील तर रक्त तपासून घ्या, डिलिव्हरीनंतर संधिवात डोकं वर काढतो. हातावर पडल्यानंतर दुखायला लागलं असेल तर पहिला एक्स-रे नॉर्मल असला तरी परत दाखवा. आणि जागा लाल, गरम, सोबत ताप, असं असेल तर माझं उत्तर वाचत बसू नका, त्याच दिवशी दवाखान्यात.

तुम्ही अंबाजोगाईतच आहात तर स्वामी रामानंद तीर्थ मेडिकल कॉलेजच्या ऑर्थो ओपीडीत दाखवा. जाताना आणलेला बेल्ट, एक्स-रे आणि सिझरचं डिस्चार्ज कार्ड सोबत न्या, आणि आईला घेऊन जा, लेकरू उचलायची पद्धत त्यांनाही बघू द्या.